फॉर्म भरून आले, शीट उघडण्याआधी: प्रश्नावलीचं कोडबुक कसं तयार करायचं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात विद्यार्थ्यांनी मे महिन्यात चाळीस घरं फिरून पाण्याची माहिती गोळा केली. दोन पानांचा फॉर्म, आठ प्रश्न. फॉर्म उत्तम भरले होते. मग चौघांनी ते आपापसांत वाटून घेतले, घरी बसून शीटमध्ये उतरवले, आणि चार शीट एकत्र केल्या तेव्हा वाड्याच्या, म्हणजे गावातल्या वस्तीच्या, एकाच रकान्यात देऊळवाडा, देउळवाडा, `Deulwada` आणि `Devulwado` असे चार वाडे निघाले. गावात तो वाडा एकच आहे. रिकाम्या चौकोनांची गत त्याहून वाईट होती. एकाने तिथे शून्य टाकलं होतं, दुसऱ्याने आडवी रेघ मारली होती, तिसरीने `NA` लिहिलं होतं आणि चौथ्याने काहीच टाकलं नव्हतं. शीटकडे पाहून कोणाला विचारलंच नव्हतं, कोणी उत्तर दिलं नाही आणि कोणाचं उत्तर खरोखर शून्य होतं, हे कळायला मार्ग नव्हता. चाळीसही फॉर्म पुन्हा काढून बसावं लागलं.

मी या विद्यार्थ्यांना मदत करत होते आणि कोडबुकाचं आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पहिला फॉर्म उतरवण्याआधी कोडबुक लिहून पूर्ण झालेलं असलं पाहिजे, हा माझा नियम आहे. कोडबुक म्हणजे फॉर्मवरची प्रत्येक जागा शीटच्या कोणत्या रकान्यात जाणार, त्या रकान्याचं नाव काय, तिथे कोणते आकडे चालतील आणि त्या प्रत्येक आकड्याचा अर्थ काय, याची लेखी यादी. खाली तोच पाण्याचा फॉर्म घेऊन ती यादी कशी बनते ते दाखवते. शीटमध्ये जे हुबेहूब टाइप करायचं आहे ते इंग्रजी अंकांत आणि अक्षरांत दिलं आहे. तसं का, ते पुढे येईल.

फॉर्म असा होता

पहिला प्रश्न वाड्याचा: वरचा वाडा, देऊळवाडा, बांधवाडा. दुसरा: घरात किती माणसं राहतात. तिसरा: एप्रिल-मेमध्ये पिण्याचं पाणी कुठून मिळतं, लागू असेल त्या सगळ्यांवर खूण करा. पर्याय नळ, स्वतःची विहीर, दुसऱ्याची किंवा सार्वजनिक विहीर, झर, टँकर, विकतचा जार आणि इतर. चौथा: घरची विहीर आहे का. पाचवा, असल्यास: ती कोणत्या महिन्यात आटते. सहावा, पाणी बाहेरून आणावं लागत असल्यास: एका फेरीला किती मिनिटं लागतात. सातवा: तीन विधानं, प्रत्येकावर १ ते ५ मध्ये सहमती. आठवा: काही सूचना.

आठ प्रश्न म्हणजे आठ रकाने, असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात वीस होतात.

पहिली पायरी: फॉर्मला नंबर द्या

शीटला हात लावण्याआधी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेनने नंबर लिहा. सुरुवात `101` पासून करा. `001` पासून केली तर शीट पुढची शून्यं खाऊन टाकते आणि कागदावर एक, पडद्यावर दुसरंच असं होतं. हा नंबर म्हणजे शीटमधला पहिला रकाना, `hhid`. उद्या एखादा आकडा विचित्र दिसला तर याच नंबरावरून मूळ कागद हाती लागेल. घरमालकाचं नाव आणि फोन या शीटमध्ये आणू नका. ते हवेच असतील तर नंबरासह वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल सगळ्यांना वाटू नका.

दुसरी पायरी: रकान्यांची नावं

रकान्याच्या नावात पूर्ण प्रश्न लिहायचा मोह होतो. तो टाळा. पूर्ण प्रश्न कोडबुकात लिहायचा, शीटच्या पहिल्या ओळीत फक्त आखूड नाव. लहान इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच वापरा. मध्ये मोकळी जागा नको, सुरुवातीला अंक नको. कारण साधं आहे: पुढे हीच शीट एसपीएसएस किंवा स्टाटासारख्या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली तर तिथे मोकळी जागा असलेलं किंवा अंकाने सुरू होणारं नाव चालत नाही.

नावात प्रश्नाचा क्रमांक असू द्या आणि त्यापुढे एका शब्दात विषय: `q02_members`, `q04_well`. क्रमांकामुळे कागद शोधणं सोपं जातं, विषयामुळे शीट वाचता येते. `q2` लिहू नका, `q02` लिहा. प्रश्न दहाच्या पुढे गेले की नावं क्रमाने लावताना `q10` हे `q2` च्या आधी येऊन बसतं.

आमच्या फॉर्मचे वीस रकाने शेवटी असे ठरले:

```
A hhid         H q03_tanker   O q06_min
B q01_vado     I q03_jar      P q06_txt
C q02_members  J q03_other    Q q07a
D q03_tap      K q03_txt      R q07b
E q03_ownwell  L q04_well     S q07c
F q03_othwell  M q05_month    T q08_txt
G q03_zhar     N q05_txt
```

तिसरी पायरी: उत्तरांना आकडे

वाड्यांना `1`, `2`, `3`. प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ कोडबुकात एकदाच, नीट लिहायचा. यालाच लेबल म्हणतात. लेबल मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट मी तसाच आग्रह धरते. कारण फॉर्म मराठीत आहे आणि लेबलाचा शब्द फॉर्मवरच्या शब्दाशी तंतोतंत जुळायला हवा. मात्र डेटाच्या रकान्यात फक्त आकडा.

गोव्यात हे काम आणखी गरजेचं आहे, कारण इथे एकेका जागेला तीन-तीन रूपं असतात. डिचोली आणि `Bicholim`, साखळी आणि `Sanquelim`, केपे आणि `Quepem`, काणकोण आणि `Canacona`. माणसाला ती एकच गावं दिसतात, शीटला वेगवेगळी. तालुका विचारणारा फॉर्म असेल तर बारा तालुक्यांना `1` ते `12` आकडे द्या आणि स्पेलिंगचा वाद तिथेच संपवा.

होय आणि नाही यांना सगळीकडे एकच जोडी ठेवा. मी `1` होय आणि `0` नाही ठेवते. एका प्रश्नात `1` आणि `2`, दुसऱ्यात `1` आणि `0` असं झालं की उतरवणारा दमल्यावर हमखास गल्लत करतो. `1` आणि `0` चा फायदाही आहे: रकान्याची बेरीज केली की किती घरांनी होय म्हटलं ते थेट मिळतं. अर्थात त्या रकान्यात उणे आकडे नसतील तरच. ते कुठून येतात, तो विषय आता घेऊ.

चौथी पायरी: रिकामा चौकोन

कोडबुकाचा निम्मा वेळ मी इथे घालवते. फॉर्मवरची जागा तीन वेगवेगळ्या कारणांनी रिकामी असू शकते, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. पाचवा प्रश्न घ्या: विहीर कोणत्या महिन्यात आटते? ज्या घरी विहीरच नाही तिथे हा प्रश्न लागू नाही. ज्या घरी विहीर आहे पण आजी म्हणाल्या, ‘ते मला नाही सांगता येणार बाळा, मुलगा बघतो ते सगळं,’ तिथे उत्तर ‘माहीत नाही’ आहे. आणि जिथे विहीर आहे, पण विचारणाऱ्याने घाईत प्रश्न सोडला किंवा पान उलटायचं विसरला, तिथे उत्तर राहून गेलं आहे. आम्ही ठरवलं:

```
-7  माहीत नाही असं सांगितलं
-8  प्रश्न लागू नाही
-9  लागू होता, पण उत्तर नाही
```

फॉर्मभर हेच तीन आकडे, प्रत्येक प्रश्नाला वेगळे नाहीत. आणि आकड्यांच्या कोणत्याही रकान्यात कोरा चौकोन चालणार नाही. कोरा चौकोन म्हणजे ‘अजून उतरवलेलं नाही’ एवढाच अर्थ ठेवायचा. मग काम संपल्यावर `=COUNTBLANK(L2:M41)` असं विचारलं की उत्तर शून्य यायला हवं. दोन आलं तर दोन जागा राहिल्या आहेत, हे लगेच कळतं. मोकळ्या मजकुराचे रकाने, म्हणजे ज्यांच्या शेवटी `_txt` आहे ते, या नियमातून वगळलेले आहेत.

बरेच जण न मिळालेल्या उत्तरासाठी `99` वापरतात. त्याचं काय होतं ते एका रकान्यात पाहा. समजा चाळीस घरांपैकी तीन घरी माणसांचा आकडा विचारायचा राहिला. उरलेल्या ३७ घरांत मिळून १६६ माणसं आहेत, म्हणजे घरामागे साधारण साडेचार. तीन ठिकाणी `99` टाकून सरासरी काढली तर ती ११.६ येते. हे चुकलंय हे कोणालाही दिसेल. आता तीन ठिकाणी `-9` टाका आणि तशीच सरासरी काढा. ३.५ येते. गावातल्या घरात साडेतीन माणसं हे अगदी पटण्यासारखं आहे, त्यामुळे ही चूक कोणाच्याही नजरेत भरत नाही आणि अहवालात छापून येते. म्हणून उणे आकडे घेतले म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका.

तरीही मी उणेच घेते. माणसं, मिनिटं, महिने, वय यांपैकी काहीच उणे असू शकत नाही, त्यामुळे सगळ्या रकान्यांना एकच चाळणी लावता येते:

```
=AVERAGEIF(C2:C41,">=0")
```

`99` ला ही सोय नाही. ज्या फॉर्ममध्ये वय विचारलंय तिथे नव्व्याण्णव वर्षांची आजी खरोखर भेटू शकते. ही चाळणी वापरायची आहे, हे वाक्य कोडबुकाच्या अगदी वर लिहून ठेवा, कारण सरासरी काढणारी व्यक्ती बऱ्याचदा उतरवणारी नसते. पुढे एसपीएसएसमध्ये जाणार असाल तर तिथे एका रकान्यासाठी असे तीन सुटे आकडे ‘उत्तर नाही’ म्हणून जाहीर करता येतात, आणि आपले नेमके तीनच आहेत:

```
MISSING VALUES q02_members (-9,-8,-7).
```

सहाव्या प्रश्नातही हाच विचार करावा लागला. ज्यांच्या घरातच नळाला पाणी येतं त्यांना फेरीची मिनिटं `0` द्यायची का? एक विद्यार्थिनी ठामपणे म्हणाली, ‘मॅडम, त्यांना वेळ लागतच नाही ना, मग शून्यच की.’ तिचं तर्काने बरोबर होतं. पण आम्हाला पाणी वाहणाऱ्या घरांचा सरासरी वेळ हवा होता, आणि वीस घरांची शून्यं त्यात मिसळली असती तर डोक्यावर कळशी घेऊन झरीवर जाणाऱ्या बाईचे चाळीस मिनिटांचे कष्ट कागदावर निम्मे झाले असते. म्हणून `-8`. दुसऱ्या अभ्यासात शून्य योग्य ठरेल. आपल्याला पुढे काय मोजायचंय यावर ते अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते आधी ठरवून लिहायचं.

पाचवी पायरी: अनेक खुणांचा प्रश्न

तिसऱ्या प्रश्नात एकाच घरी नळ, शेजाऱ्याची विहीर आणि टँकर अशा तीन खुणा असू शकतात. नवखी माणसं एका चौकोनात `1,3,5` लिहितात. मग टँकर किती घरांना लागतो हे मोजताच येत नाही, कारण ती पाच प्रत्येक चौकोनात वेगवेगळ्या आकड्यांत अडकलेली असते. स्वल्पविरामाऐवजी रेघ वापरली तर `3-5` ची शीट चक्क तारीख करून टाकते.

उपाय एकच: प्रत्येक पर्यायाला स्वतःचा रकाना. खूण असेल तर `1`, नसेल तर `0`. सात पर्याय, सात रकाने, आणि ‘इतर’ समोर लिहिलेल्या शब्दांसाठी आठवा `q03_txt`.

यात एक खाचखळगा आहे. एखाद्या फॉर्मवर सातही चौकोन कोरे असतील तर सात शून्यं टाकायची नाहीत. सात शून्यांचा अर्थ त्या घराला कुठूनच पाणी मिळत नाही असा होतो, आणि असं घर नसतं. तिथे प्रश्नच सुटलेला आहे, म्हणून सातही रकान्यांत `-9`. नियम असा लिहा: किमान एक खूण असेल तर उरलेल्यांना `0`, एकही नसेल तर सगळ्यांना `-9`. उतरवून झाल्यावर शीटच्या उजवीकडे एका रिकाम्या रकान्यात `=SUM(D2:J2)` लिहून खाली ओढा. जिथे शून्य दिसेल तिथे कोणीतरी हा नियम विसरलं आहे.

‘इतर’ चं काय करायचं ते पहिले दहा फॉर्म वाचून ठरवा. आमच्याकडे दोन-तीन ठिकाणी ‘मंदिराच्या तळीचं’ असं आलं. तेच उत्तर वारंवार येऊ लागलं तर त्याला स्वतःचा रकाना द्या, मात्र तो सगळ्यात शेवटी जोडा. मधल्या रकान्याचं नाव किंवा आधी दिलेल्या आकड्याचा अर्थ एकदा उतरवणं सुरू झाल्यावर बदलायचा नाही. तिसऱ्या दिवशी `3` चा अर्थ बदलला तर पहिल्या दोन दिवसांचे सगळे `3` मुकाट्याने खोटे होतात, आणि ते पाहून कोणालाच कळत नाही.

सहावी पायरी: लोक फॉर्मच्या भाषेत बोलत नाहीत

पाचव्या प्रश्नाला आम्ही महिन्यांसाठी `1` ते `12` ठेवले, ‘आटत नाही’ साठी `0`. प्रत्यक्षात कागदांवर आलं: ‘मे’, ‘एप्रिल अखेर’, ‘चैत्रात’, ‘मिरग लागायच्या आधी’, ‘शिमग्यानंतर’. ही उत्तरं चुकीची नाहीत. विहिरीचं पाणी पाहणारं माणूस असंच सांगतं. पण त्यांना आकडा देताना चौघांनी चार अंदाज केले तर गोंधळ झालाच.

‘शिमग्यानंतर’ घ्या. २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला होती, म्हणजे त्यानंतरचा महिना एप्रिल, आकडा `4`. २०२५ मध्ये ती १४ मार्चला होती, म्हणजे त्यानंतर अर्धा मार्च शिल्लक, आकडा `3`. एकाच शब्दाला दोन वर्षांत दोन वेगळे आकडे. त्यामुळे आमच्या कोडबुकात ओळ आली: सर्वेक्षणाच्या वर्षाचं कॅलेंडर पाहून, सणाच्या दुसऱ्या दिवशी जो महिना चालू असेल आणि त्याचे दहा दिवस तरी उरले असतील, तो महिना, दहापेक्षा कमी उरले असतील तर पुढचा. ‘मिरगाच्या आधी’ म्हणजे मे, `5`, कारण मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लागतं. ‘चैत्रात’ ला त्या वर्षी चैत्राचे जास्त दिवस ज्या महिन्यात आले तो. हे नियम फार शास्त्रशुद्ध आहेत असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या कोणी वेगळे ठरवले तरी चालेल. पण चाळीसही फॉर्मना तेच लागले पाहिजेत, आणि मूळ शब्द `q05_txt` मध्ये जसाच्या तसा राहिला पाहिजे. नियम पुढे चुकीचा वाटला तर त्या शब्दांवरून नवे आकडे देता येतात, घरोघरी पुन्हा जावं लागत नाही.

मिनिटांचंही तसंच. ‘अर्धा तास’ म्हणजे `30`. ‘दहा ते बारा’ म्हणजे मधला आकडा, `11`. इथे सांभाळा: `10-12` असं टाइप केलंत तर भारतीय तारखेची मांडणी असलेली शीट त्याची १० डिसेंबर ही तारीख करते, आणि आत प्रत्यक्षात एक मोठा आकडा साठवते. २०२५ मध्ये टाइप केलं असेल तर तो `46001`. एका फेरीला शेहेचाळीस हजार मिनिटं! सरासरी अचानक हजारांत गेली तर आधी अशी लपलेली तारीख शोधा.

आणि अंकांबद्दल. मोबाइलवर किंवा मराठी कीबोर्ड चालू ठेवून `11` ऐवजी ११ टाइप झालं तर शीट बहुधा त्याला मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही, तेही काही न सांगता. मराठी लेबलं आणि सूचना टाइप करताना कीबोर्ड बदलावा लागतो, आणि परत बदलायचा विसर पडतो. म्हणून आम्ही `_txt` चे रकाने शेवटी, एका वेगळ्या बैठकीत भरले.

सातवी पायरी: विधानांचे आकडे उलटवू नका

सातव्या प्रश्नातलं पहिलं विधान ‘नळाला पाणी ठरल्या वेळी येतं’ असं होतं, दुसरं ‘पाण्यासाठी रात्री जागावं लागतं’ असं. पहिल्यात `5` म्हणजे समाधान, दुसऱ्यात `5` म्हणजे त्रास. काही जण उतरवतानाच दुसऱ्याचे आकडे मनात उलटे करून टाकतात. ते करू नका. फॉर्मवर गोल केलेला आकडाच उतरवा, कारण उलटवला की नाही हे नंतर कोणालाच आठवत नाही. कोडबुकात फक्त टीप ठेवा की `q07b` उलट्या अर्थाचं विधान आहे. विश्लेषणाच्या वेळी नवा रकाना काढा:

```
=IF(R2<0,R2,6-R2)
```

नुसतं `6-R2` लिहिलं तर `-9` चे `15` होतात, पाचपैकी पंधरा.

आठवी पायरी: कोडबुकाची ओळ लिहा

आता एकाच फाइलीत दोन पानं करा, एक `codebook`, एक `data`. कोडबुकात प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ: नाव, फॉर्मवरचा पूर्ण प्रश्न, चालणारे आकडे, त्यांची लेबलं, आणि नियम. पाचव्या प्रश्नाची आमची ओळ अशी दिसत होती:

```
q05_month | घरची विहीर कोणत्या महिन्यात आटते?
0 = आटत नाही, 1-12 = जानेवारी-डिसेंबर
-7, -8 (q04_well = 0 असेल तर), -9
सण/नक्षत्र सांगितल्यास: टीप 3. मूळ शब्द q05_txt मध्ये.
```

मग एक्सेलमध्ये `Data` → `Data Validation`, लिब्रेऑफिसमध्ये `Data` → `Validity` उघडून प्रत्येक रकान्याला कोडबुकातलेच आकडे मान्य करा. वाड्याच्या रकान्यात `1,2,3,-9` एवढीच यादी दिली तर `4` टाइप होणारच नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला आकडा ही राखण अडवत नाही. म्हणून चौघांनी वेगवेगळ्या शीट भरून शेवटी चिकटवण्यापेक्षा तयार केलेल्या याच फाइलीच्या प्रती वाटा.

प्रश्नांमधले दुवेही तपासता येतात. विहीर नाही, पण महिन्याच्या जागी `-8` सोडून दुसरंच काही आहे, अशी किती घरं?

```
=COUNTIFS(L2:L41,0,M2:M41,"<>-8")
```

‘स्वतःची विहीर’ वर खूण आहे, पण चौथ्या प्रश्नात विहीर नाही म्हटलंय, अशी किती?

```
=COUNTIFS(E2:E41,1,L2:L41,0)
```

दुसऱ्याचं उत्तर आमच्याकडे दोन आलं. कागद काढून पाहिले तर दोन्ही ठिकाणी उतरवणाऱ्याची चूक नव्हती. विहीर भावांच्या सामाईक मालकीची होती. पिण्याच्या प्रश्नाला ‘आमचीच’ म्हणून खूण केली होती आणि ‘घरची आहे का’ ला ‘नाही’ म्हटलं होतं. अशी विसंगती शीटमध्ये बसल्या-बसल्या दुरुस्त करायची नाही. कागदावर आहे तसंच ठेवा आणि फॉर्म नंबरासह कोडबुकाच्या खाली नोंद करा. चौथा प्रश्न कोरा आणि पाचव्याला ‘मे’ असं आलं तरी तेच: चौथ्याला `-9`, पाचव्याला `5`. विहीर असणारच, हा निष्कर्ष उतरवणाऱ्याने काढायचा नाही.

नववी पायरी: दोघांकडून पाच फॉर्म

कोडबुक पूर्ण झालं असं वाटलं की पाच फॉर्म निवडा. सोपे नकोत, खाडाखोड असलेले, समासात लिहिलेले निवडा. त्यांच्या झेरॉक्स दोघांना द्या, सोबत फक्त कोडबुक. एकमेकांना विचारायचं नाही, तुम्हालाही नाही. दोघांच्या शीट `entry1` आणि `entry2` या नावांनी एका फाइलीत आणा, तिसऱ्या पानावर हे लिहून सगळीकडे ओढा:

```
=IF(entry1!B2=entry2!B2,0,1)
```

जिथे `1` तिथे मतभेद. पाच फॉर्म, नंबर सोडून एकोणीस रकाने, म्हणजे ९५ चौकोन. आमचे पहिल्या वेळी सात चौकोनांत मतभेद निघाले. त्यांपैकी दोन साध्या टायपिंगच्या चुका होत्या. उरलेले पाच कोडबुकाने सांगितलंच नव्हतं म्हणून झाले होते. घरात किती माणसं, याला एका फॉर्मवर ‘चार, थोरला बोटीवर असतो’ असं लिहिलेलं. एकाने `4` टाकलं, दुसरीने `5`. गोव्यात जहाजावर किंवा आखातात नोकरीला असलेलं माणूस घराघरात असतं, आणि ते घरचं धरायचं की नाही हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. उन्हाळ्यात घरात पाणी किती लागतं हा प्रश्न होता, म्हणून ठरवलं: एप्रिल-मेमध्ये निम्म्याहून जास्त दिवस घरी राहिलेलीच माणसं मोजायची. ओळ लिहिली, तिच्यापुढे तारीख टाकली. आधीच उतरवलेल्या पाचही फॉर्मचा तो रकाना पुन्हा तपासला, आणि मग सहावा फॉर्म उचलला.